तुकडा फोटोत दिसतो, खडा दिसत नाही

मार्च संपत आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तांदळाचे फोटो यायला लागतात. आम्ही ३६ घरं मिळून वर्षाचा कोलम एकदमच घेतो, साधारण चौदा क्विंटल. पूर्वी आमच्यातलं कुणीतरी मार्केट यार्डात जायचं, मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन फुंकर मारायचं, एक दाणा दाताखाली धरायचं आणि भाव ठरवून यायचं. आता व्यापारी फोटो पाठवतो, खाली दर लिहितो आणि ‘संध्याकाळपर्यंत सांगा, माल जातोय’ म्हणतो.

गेल्या वर्षी तिघांचे फोटो आले. दर होते किलोला ६२, ५७ आणि ५४ रुपये. गंमत अशी की ५४ वाल्याचा फोटो सगळ्यांत देखणा होता. काळ्या ताटात शुभ्र तांदळाची रास, दाणा न् दाणा अखंड. पहिल्या पाच मिनिटांत ग्रुपवर अठरा अंगठे आले. मी घाईघाईने ‘थांबा’ लिहिलं, कारण आदल्या वर्षी अशाच एका देखण्या फोटोवर भाळून आम्ही माल उचलला होता आणि पुढचे दहा महिने घरोघरी भाताऐवजी गिचका खाल्ला होता. त्या गिचक्याची जबाबदारी माझ्यावर होती, हे मी विसरले नव्हते. बाकीचेही विसरले नव्हते.

त्या गिचक्यानंतर मी एका ओळखीच्या काकांना गाठलं. झाडीपट्टीतल्या भात गिरणीत त्यांची पंचवीस वर्षं गेलेली. जुना फोटो दाखवला तेव्हा त्यांनी मोबाईल हातात धरला, जेमतेम दोन सेकंद पाहिला आणि परत दिला. म्हणाले, “हा ढिगाचा फोटो आहे. ढीग खोटं बोलते बाई.”

ढीग खोटं कसं बोलतो, ते घरी करून बघता येतं. तांदूळ ताटात ओतून राशीसारखा होऊ द्या आणि ताटाला दोन टिचक्या मारा. बारीक तुकडे मोठ्या दाण्यांच्या फटींतून खाली सरकतात, अखंड दाणे वर राहतात आणि उतारावरून बाहेरच्या कडेला घरंगळतात. म्हणजे तुकडा राशीच्या पोटात आणि तळाशी, आणि कॅमेऱ्यासमोर येतो तो फक्त वरचा थर. यात व्यापाऱ्याने लबाडी केलीच असेल असं नाही. त्याने प्रामाणिकपणे मूठभर तांदूळ ताटात ओतला तरी फोटो मालापेक्षा चांगलाच येणार. पोत्याचंही तसंच. ट्रकमधून हिंदकळत आलेल्या पोत्याच्या तोंडाशी हात घातला तर वरचा माल हाती लागतो. म्हणून तर बाजारात पोत्याच्या बाजूने टोकदार पोकळ नळी खुपसून आतलं धान्य काढतात. हिंदीत तिला परखी म्हणतात.

तेव्हापासून आमचा एक नियम ठरला. व्यापाऱ्याने काढलेल्या फोटोवरून फक्त इतकंच ठरवायचं की नमुना मागवायचा की नाही. नमुना म्हणजे प्रत्येकाकडून एक किलो, आणि तोही निरनिराळ्या पोत्यांतून काढून एकत्र केलेला. तुलनेसाठी लागणारा फोटो आपण काढायचा, तिन्ही नमुन्यांचा एकाच कागदावर, एकाच उजेडात.

तो कसा काढतो ते सांगते, कारण सगळी मेख त्यातच आहे. किलोभर नमुना आधी स्वच्छ चादरीवर ओतून हाताने नीट कालवायचा. मग त्याचा पसरट गोल करून हाताच्या कडेने अधिक चिन्हासारखे चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन भाग ठेवायचे, बाकीचे दोन बाजूला सारायचे. उरलेल्याचं पुन्हा तसंच, असं करत करत मूठभर तांदूळ राहिला की त्यातला एक सपाट चहाचा चमचा घ्यायचा. तो पाच ग्रॅमच्या आसपास भरतो आणि कोलमसारख्या बारीक तांदळाचे त्यात साडेचारशे-पाचशे दाणे येतात. थेट पिशवीत चमचा घातला तर वर सांगितलेली ढिगाची फसवणूक आपणच आपल्याशी करतो.

हा चमचा गडद निळ्या जाड कागदावर असा पसरायचा की दाण्यावर दाणा नको. काळा कागद मुद्दाम टाळते. चौकटीत अंधार जास्त दिसला की मोबाईल आपणहून उजेड वाढवतो आणि पांढरे दाणे भगभगीत होतात. त्या ५४ वाल्याच्या फोटोतली शुभ्रता बरीचशी काळ्या ताटाची होती. पांढऱ्या कागदावर याच्या उलट, तोच तांदूळ मळकट दिसतो. खिडकीजवळचा सकाळचा उजेड, थेट ऊन नको, फ्लॅश नको, मोबाईल कागदाला समांतर. कागदावर एका बाजूला साध्या पांढऱ्या कागदाची पट्टी आणि एक दहा रुपयांचं नाणं ठेवायचं. पट्टी कशासाठी ते पुढे येईलच. नाणं मापासाठी. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो आणि कोलमचा दाणा पाच-साडेपाच मिलिमीटर लांब, म्हणजे टोकाला टोक लावून पाच दाणे ठेवले की नाण्याची रुंदी भरते. फोटो इतरांना पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा. साधा पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप तो आकसून टाकतं आणि दाण्यांची टोकं पुसट होतात. आणि आपल्याला बघायची असतात ती टोकंच.

अखंड दाण्याची दोन्ही टोकं निमुळती असतात. तुटलेल्याचं एक टोक निमुळतं आणि दुसरं सुरीने कापल्यासारखं बोथट. मधला तुकडा असेल तर दोन्हीकडे बोथट. नवखा माणूस एका ठिकाणी हमखास फसतो. दाण्याच्या एका टोकाला बाजूने छोटी खाच असते, ती तुटल्याची खूण नव्हे. तिथे अंकूर होता, सडताना तो निघून गेला. शिवाय टोकाचा जरासा टवका उडालेला दाणाही तुकड्यात धरत नाहीत. सरकारी खरेदीचा निकष सोपा आहे. पूर्ण दाण्याच्या पाऊण भागापेक्षा लहान तो तुकडा, पाव भागापेक्षा लहान ती बारीक कणी. कोलममध्ये ही पाऊण रेघ चार मिलिमीटरवर येते. मी चार मिलिमीटर रुंदीची कागदाची एक चिंधी कापून कागदावरच ठेवते, फोटो मोठा करून बघताना शंकेचा दाणा तिच्याशी ताडून पाहता येतो.

मोजायचं किती? निदान पाचशे. शंभर-दोनशे दाण्यांवर निकाल दिला तर तो नशिबाचा खेळ होतो. खरा तुकडा शेकडा पंधरा असलेल्या मालातून दोनशे दाणे उचलले तर त्यात एखाद्या वेळी वीस तुकडे येतील, एखाद्या वेळी चाळीस. पाचशे मोजूनही दोन नमुन्यांत शेकडा चार-पाचाचाच फरक निघाला तर मी ते दोन्ही सारखेच समजते. फोटोचा फायदा इथे आहे. ताटातले पाचशे दाणे मोजताना मध्येच फोन वाजला की पुन्हा पहिल्यापासून. फोटोवर बोटाने खुणा करत जाता येतं, आणि कुणी वाद घातला तर त्यालाच मोजायला बसवता येतं.

आमच्या तीन नमुन्यांची मोजणी अशी आली. पाचशेमध्ये ६२ रुपयेवाल्याचे ७० तुकडे, ५७ वाल्याचे १५० आणि त्या देखण्या ५४ वाल्याचे २३०. रास मोडून पसरली आणि जवळजवळ निम्मे दाणे तुटके निघाले.

आता इथे व्यापारी तुम्हाला अडवतो, आणि त्याचं बरोबर असतं. आम्ही ५४ वाल्याला फोन केला तर तो म्हणाला, “ताई, माझा माल तीस टक्के तुकड्याचा आहे, मी नाही कुठे म्हणतोय? तुमचे सेहेचाळीस कुठून आले?” बाजारात तुकड्याची टक्केवारी वजनावर धरतात, मोजणीवर नाही. आणि तुकडा वजनाने सरासरी अर्ध्या दाण्याएवढा भरतो. २७० अखंड दाण्यांचं वजन २७० एकक धरलं तर २३० तुकड्यांचं ११५. एकूण ३८५, त्यात ११५ म्हणजे शेकडा तीस. तो खरंच बोलत होता. त्याच हिशोबाने ५७ वाल्याचा तुकडा शेकडा अठराच्या जवळ आला आणि ६२ वाल्याचा आठाच्या आत. ही अर्ध्याची धरणी ढोबळ आहे. कणी फार बारीक असेल तर वजन आणखी कमी भरेल. पण तीन नमुन्यांची तुलना करायला ती पुरते. घरी अर्ध्या ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असेल तर शंभर ग्रॅममधले तुकडे वेगळे काढून सरळ वजनच करावं.

तुकडा हा काही गुन्हा नव्हे, हेही सांगायला हवं. कुठलाही भात सडला की काही दाणे तुटतातच. गिरणीत तुकडा चाळून वेगळा काढतात आणि मागणीप्रमाणे, दराप्रमाणे पुन्हा अखंड मालात मिसळतात. सरकारी खरेदीच्या निकषांत उकडा नसलेल्या तांदळात शेकडा २५ पर्यंत तुकडा वर्षानुवर्षं चालत आला आहे. रेशनच्या तांदळाचा भात कधीकधी चिकट का होतो, त्याचं एक कारण हेच. तुटलेल्या बाजूने दाण्यातली पिठी पाण्यात उतरते आणि तुकडा अखंड दाण्याच्या आधी शिजतो. अखंड दाणा शिजेपर्यंत तुकड्याचा लगदा झालेला असतो.

मग घ्यायचा कोणता? आमच्या कमिटीत यावर जी खडाजंगी झाली तिचा निकाल वहीवर लागला. बाजारात सुटी कणी तेव्हा ३२ रुपये किलोने मिळत होती. ज्या घरात कणीचं पीठ करून घावन, भाकरी किंवा नुसत्या कणीची पेज होते, त्या घराला तुकडा म्हणजे ३२ रुपयांचा माल. १०० किलोंचे ५७०० रुपये मोजले आणि त्यात १८ किलो कणी, म्हणजे ५७६ रुपयांची, मिळाली. उरलेले ५१२४ रुपये ८२ किलो अखंड तांदळाचे, म्हणजे किलोला साडेबासष्ट. याच रीतीने ५४ वाल्याचा अखंड दाणा त्रेसष्ट रुपये चाळीस पैशांना पडला आणि ६२ वाल्याचा चौसष्ट रुपये साठ पैशांना. मधला जिंकला.

पण ज्या घरात कणीला कोणी विचारत नाही, चाळून काढली तर ती कबुतरांना जाते, तिथे कणीची किंमत शून्य. तेव्हा ६२ वाला पडतो सदुसष्ट रुपये चाळीस पैशांना, ५७ वाला साडेएकोणसत्तरला आणि ५४ वाला सत्त्याहत्तरला. म्हणजे सगळ्यांत महाग तोच सगळ्यांत स्वस्त. आमच्यातल्या २९ घरांनी ६२ चा घेतला, सात घरांनी ५७ चा. ५४ चा कोणीच घेतला नाही, अठरा अंगठे देणाऱ्यांनीसुद्धा.

तुकड्यापुरता फोटो असा कामाचा. पॉलिशच्या बाबतीत त्याच्यावर निम्माच विश्वास ठेवावा.

तूस काढलेल्या तांदळावर कोंड्याचा तांबूस थर असतो. गिरणीत तो घासून काढतात आणि दाण्याच्या वजनातला आठ-दहा टक्के भाग त्यात जातो. त्यानंतर पाण्याचा बारीक फवारा मारत दाणा गुळगुळीत करतात, त्याला बाजारात ‘सिल्की’ म्हणतात. फोटोत पॉलिश रंगावरून ओळखायला गेलात तर तीन गोष्टी फसवतात. एक म्हणजे मोबाईल. बल्बच्या उजेडात तोच तांदूळ पिवळा आणि सावलीत निळसर येतो. म्हणून ती पांढऱ्या कागदाची पट्टी. तिन्ही नमुने एकाच चौकटीत पट्टीशेजारी असले की निदान आपसांतली तुलना खरी होते. दुसरी गोष्ट म्हणजे वय. जुना तांदूळ किंचित पिवळसर होतो आणि तो जास्त किमतीचा असतो, कारण त्याचा भात मोकळा होतो. फोटोत त्याचा पिवळेपणा कमी पॉलिशसारखाच दिसतो, आणि ओलाव्याने तापलेल्या बिघडलेल्या मालाचाही. फरक इतकाच की जुना तांदूळ सगळा एकसारखा पिवळसर असतो, तापलेल्या मालात काही दाणे गडद पिवळे-तांबूस आणि शेजारचे पांढरे असतात. तिसरी गोष्ट खडूसारखे दाणे. ज्यांचं पोट दुधी आणि अपारदर्शक असतं ते दाणे निळ्या कागदावर सगळ्यांत पांढरे दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं की वा, काय पॉलिश आहे. प्रत्यक्षात ते ठिसूळ असतात.

म्हणून रंगाऐवजी रेघा बघाव्यात. तांदळाच्या अंगावर उभ्या, उथळ खाचा असतात आणि कोंडा शेवटपर्यंत चिकटून राहतो तो त्या खाचांत. फोटो पूर्ण मोठा केला आणि दाण्यांवर लांबीच्या दिशेने करड्या-तांबूस रेघा दिसल्या, टोकाच्या खाचेत अंकुराचा पिवळट ठिपका शिल्लक असला, तर पॉलिश कमी. रेघा नाहीत, ठिपका नाही आणि टोकं गोलसर झाली आहेत, तर भरपूर घासलेला. बाकीचं हाताने कळतं. मूठभर तांदूळ दोन्ही तळहातांत चोळला आणि हाताला पिठासारखी भुकटी लागली तर कोंडा शिल्लक आहे. सिल्कीने हात कोरडे आणि स्वच्छ राहतात. प्रयोगशाळेत यासाठी दाणे रंगद्रव्यात बुडवतात, कोंड्याला एक रंग चढतो आणि आतल्या भागाला दुसरा. सोसायटीच्या गच्चीवर त्याची गरज नाही.

पॉलिश जास्त असणं चांगलं की वाईट, या वादात मी पडत नाही. पण वर्षाचं भरणारांनी एक ध्यानात ठेवावं. कोंड्यात तेल असतं आणि ते खवट होतं. बिनपॉलिशचा किंवा अगदी कमी सडलेला तांदूळ दोन-चार महिन्यांपुरताच घ्यावा. आमच्याकडे एका घराने हौसेने वर्षभराचा हातसडीचा घेतला होता, गणपतीपर्यंत डब्याला वास यायला लागला.

काकांनी शिकवलेला आणखी एक फोटो आहे, तो मात्र नेहमीच्या फोटोत न दिसणारी गोष्ट दाखवतो. काचेच्या ताटलीवर वीस-पंचवीस दाणे ठेवायचे, खालून दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च लावायचा आणि वरून फोटो काढायचा. चांगला दाणा काचेसारखा उजळतो, खडूच्या पोटाचा दाणा काळपट दिसतो. आणि काही अखंड दाण्यांत आडवी, केसासारखी रेघ दिसते. तो तडा. कापणीनंतर भात कडक उन्हात झपाट्याने सुकला किंवा सुकल्यावर पुन्हा पाऊस-दव लागलं की दाणा आतून चिरतो. पुष्कळसे असे दाणे गिरणीतच तुटतात. जे वाचतात ते आपल्या मोजणीत अखंड म्हणून धरले जातात आणि कुकरमध्ये दुभंगतात. आम्ही ६२ चा माल पक्का करण्याआधी हे पाहिलं. पंचवीसात दोन चिरलेले निघाले, चाललं. दहा निघाले असते तर तुकड्याची मोजणी बाजूला ठेवून तो माल मी नाकारला असता.

आता खडा. इथे फोटो अगदीच निरुपयोगी आहे आणि कारण साध्या हिशोबाचं आहे. समजा मालात किलोमागे पाच खडे आहेत. असला तांदूळ कोणतीही बाई पहिल्या आठवड्यात दुकानदाराच्या तोंडावर मारेल. आपल्या फोटोत आहे पाच ग्रॅम तांदूळ, म्हणजे किलोचा दोनशेवा भाग. असे चाळीस फोटो काढले तर कुठे एखाद्यात एक खडा सापडायचा. फोटोत खडा नाही याचा अर्थ मालात खडा नाही असा होत नाही. उलट फोटोत एक जरी खडा, मातीचा कण किंवा सोंडकिडा दिसला, तर मालात तो भरपूर आहे असं समजून नमुना तिथेच बाद करावा.

‘सॉर्टेक्स क्लीन’ या शब्दांनीही निश्चिंत होऊ नये. सॉर्टेक्सचं यंत्र रंग पाहून दाणे वेगळे करतं. काळा, तांबूस, डागी दाणा ते हवेच्या झोताने उडवतं. पांढऱ्या गारेचा खडा रंगाने तांदळासारखाच असतो, त्याच्यासाठी वजनावर चालणारं खडे काढायचं वेगळं यंत्र लागतं. म्हणून व्यापाऱ्याला सॉर्टेक्सबरोबर ‘डीस्टोनर लावलाय का’ हेही विचारावं. आणि कायद्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांत तांदळात वजनाने एक टक्क्यापर्यंत काडीकचरा आणि त्यातला पाव टक्क्यापर्यंत खडे-माती चालते. पाव टक्का म्हणजे किलोला अडीच ग्रॅम. दोन-अडीच मिलिमीटरचा खडा वीस मिलिग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे किलोत शंभराहून जास्त खडे असूनही माल कायद्यात बसेल. दाताला एकच पुरतो.

उपाय जुनाच आहे. एक किलोचा अख्खा नमुना रोळायचा. पातेल्यात पाणी घेऊन तांदूळ हलवत हलवत वरचा वर दुसऱ्या पातेल्यात ओतत गेलं की खडा तळाशी राहतो, रंग कुठलाही असो. त्याआधी तोच तांदूळ सुपात पाखडून काडी, कोंडा, न सडलेले भाताचे दाणे वेगळे काढून मोजायचे. किलोमागे पाच खडे असतील तर किलोभर रोळून एकही न सापडणं जवळजवळ अशक्य. किलोमागे एखादा असेल तर तो निसटू शकतो, तेवढा धोका उरतो. हातात रोळी धरलेल्या आमच्या सासूबाईंना मी हा हिशोब सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढं शिकून शेवटी इथेच आलीस.”

गव्हाला हेच सगळं लागू करायला जाऊ नये. गव्हात तुकड्यापेक्षा पोचट दाणा महत्त्वाचा. उंबऱ्यावर आलेल्या पिकाला अचानक ऊन लागलं की दाणा भरत नाही, चिंबतो. २०२२ च्या मार्चमध्ये उत्तरेत हेच झालं. सरकारी खरेदीत पोचट आणि तुटक्या दाण्यांची मर्यादा शेकडा ६ असते, ती त्या वर्षी पंजाब-हरियाणात १८ पर्यंत सैल करावी लागली. पोचट दाणा ढिगाच्या फोटोत लपतो, पसरलेल्या फोटोत सुरकुतलेल्या पोटावरून ओळखू येतो, पण सगळ्यांत उत्तम कळतो तो काट्यावर. न निवडता शंभर दाणे मोजून घ्यायचे. चांगला भरलेला लोकवन चार ग्रॅमच्या आसपास किंवा वर जातो. तीनच्या जवळ आला तर चक्कीवर कोंडा जास्त आणि पीठ कमी येणार. गव्हाच्या चमकेवर फोटोवरून बोलूच नये. कापणीच्या वेळी पाऊस लागलेल्या गव्हाची तकाकी जाते खरी, पण फ्लॅश मारला की फोटोत ती परत येते.

माल पक्का झाल्यावर फोटोचं खरं काम सुरू होतं. आमचा ६२ चा तांदूळ २६-२६ किलोच्या गोण्यांत आला. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पॅकिंगवर पाच टक्के जीएसटी लागला, तेव्हापासून बाजारात २६ च्या गोण्या दिसतात, हे जाता जाता. एकूण ४३ गोण्या होत्या. हमाल उतरवत असतानाच आम्ही त्यांतल्या सात बाजूला काढल्या, समोरच्या नव्हे तर मधल्या आणि तळातल्या. प्रत्येक गोणी तिथेच आडवी करून मधल्या शिवणीतून वाटीभर तांदूळ घेतला, एकत्र कालवला, चमचाभर निळ्या कागदावर पसरला आणि नमुन्याच्या फोटोशेजारी धरला. तुकडे पाचशेत ७८ आले. सत्तराच्या जवळच, माल तोच होता. सहाव्या गोणीतला तांदूळ इतरांहून जरा पिवळा वाटला म्हणून तो वेगळा पसरून पाहिला, पण दाणा तोच होता, फक्त जुना. एका काकूंनी ती गोणी ताबडतोब आपल्या नावावर लिहून घेतली.

यंदा खरेदी करणार असाल तर एवढं करा. नमुन्यातला पाव किलो तांदूळ पारदर्शक पिशवीत घालून, त्यावर व्यापाऱ्याची सही, दर आणि तारीख घेऊन, तोंड चिकटवून ठेवा आणि निळ्या कागदावरचा फोटो त्यालाही पाठवून ‘हाच माल’ एवढा एक शब्द त्याच्याकडून लेखी घ्या. पिशवी शेवटची गोणी उघडेपर्यंत फेकू नका.